गाडी हवा घेते तेव्हा

आपल्या सदरात गेल्या वेळी मिक्सरच्या कपलरबद्दल लिहिले होते. या वेळी विषय अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलचा आहे. दहा-बारा वर्षे जुनी, कार्बोरेटरवर चालणारी गाडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा त्रास केव्हा ना केव्हा होतोच. गाडी स्लो धरत नाही, सिग्नलला उभी केली की थरथरते, मध्येच आपली आपण रेस होते, पुन्हा खाली येते, बंद पडते. मेकॅनिकच्या भाषेत, ‘गाडी हवा घेते.’

माझी गाडी 150 सीसीची, तेरा वर्षांची. शाळा घरापासून 14 किलोमीटरवर आहे, त्यात निम्मा रस्ता घाटाचा. पावसाळा संपता संपता तिने हे नखरे सुरू केले. सकाळी चोक ओढून चालू केली की छान चालायची. चोक खाली केला की दहा सेकंदांत बंद. घाट चढताना काही तक्रार नाही, पिकअप ठीक. पण उतारावर थ्रॉटल सोडले की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज. शाळेच्या फाटकाशी थांबलो की रेसचा काटा 1400 वर राहायचा सोडून 1000 ते 2200 च्या मध्ये झोके घ्यायचा. शिपाईकाकांनी एक दिवस विचारलेच, “सर, गाडी उभी करूनही रेस कशाला करता?”

नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. पहिल्या फेरीत प्लग बदलला. दुसऱ्या फेरीत कार्बोरेटर खोलून साफ केला. तिसऱ्या फेरीत त्या मुलाने स्लोचा स्क्रू आत फिरवून रेस वाढवून दिली आणि म्हणाला, “आता बंद नाही पडणार.” खरेच बंद पडेना. पण दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत, गर्दीत थांबलेलो असताना काटा आपोआप 3000 वर गेला आणि तिथेच थांबला. क्लच सुटला असता तर पुढच्या भाजीवालीच्या टोपलीत गाडी गेली असती. त्या दिवशी गाडी ढकलत घरी आणली.

त्याच आठवड्यात माझे मामू आमच्याकडे राहायला आले होते. त्यांची उमर कुवेतमध्ये गॅरेजात गेली. जेवण झाल्यावर अंगणात येऊन त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि दोन मिनिटे नुसते ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, “प्लग बदललास, कार्बोरेटर धुतलास. त्या दोघांच्या पलीकडे, इंजिनाच्या तोंडाशी जे रबर आहे, ते पाहिलेस का?”

मी पाहिले नव्हते. मला ते रबर आहे हेच माहीत नव्हते.

इथे थोडे थांबून ही हवा कुठून कुठे जाते ते बघू, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. बाहेरची हवा एअर फिल्टरमधून कार्बोरेटरमध्ये येते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना ती आपल्या प्रमाणात पेट्रोल ओढून घेते. जितकी हवा गळ्यातून गेली, तितक्या हिशेबाने पेट्रोल. वजनाने पाहिले तर 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 15 ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण मग एका छोट्या नळीतून इंजिनाच्या हेडमध्ये जाते. या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. बऱ्याच मोटारसायकलींमध्ये ती जाड रबराची असते. तिचे एक टोक चपट्या पट्टीसारखे असून दोन बोल्टांनी हेडवर बसते. दुसऱ्या टोकात कार्बोरेटरचे तोंड खुपसलेले असते आणि वरून लोखंडी क्लॅम्पने आवळलेले असते.

आता या रबराला चीर पडली, किंवा क्लॅम्प सैल झाला, तर इंजिन तिथूनही हवा ओढते. ही हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून आलेलीच नाही. म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोलही आलेले नाही. डाळीत मागच्या दाराने कुणी पाणी ओतावे तसे मिश्रण पातळ होते. स्वयंपाक करणाऱ्याने मीठ बरोबरच टाकलेले असते, तरी डाळ अळणी लागते आणि बोल त्यालाच लागतात. कार्बोरेटरचे नेमके हेच होते.

पण मग घाट चढताना गाडी ठीक का चालत होती? मामूंनी माझ्या मुलाला, जो दहावीत आहे, हाच प्रश्न विचारला. तो डोके खाजवत बसला, तेव्हा त्यांनी एक हिशेब मांडला. हा फक्त समजण्यापुरता आहे, मोजलेला नाही. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिन समजा 10 वाटे हवा घेते. आत ओढ फार जोरात असते, कारण वरचे दार बंद आणि खाली पिस्टन ओढतोय. त्या चिरेतून 1 वाटा जास्तीचा आला तर मिश्रणात दहावा हिस्सा फुकटची हवा झाली. घाटात थ्रॉटल उघडा असतो, इंजिन 100 वाटे हवा घेते, आणि दार उघडे असल्यामुळे मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते. चिरेतून अर्धा वाटा येतो. शंभरात अर्धा कुठे कळणार?

म्हणून पहिली खूण हीच: त्रास स्लोवर आणि अगदी कमी थ्रॉटलवर, जोर लावला की गायब. प्लग किंवा पेट्रोलच्या पुरवठ्याची खोट असेल तर बहुधा उलटे घडते, जोर मागितला की गाडी मिसिंग करते.

रेस वर-खाली का होते, हेही यातच आहे. मिश्रण पातळ झाले की ते हळू जळते, कधी एखादा फेरा जळतच नाही. इंजिनाची गती पडते. गती पडली की आतली ओढही कमी होते, चिरेतून येणारी हवा घटते, मिश्रण थोडे सुधारते, आणि इंजिन पुन्हा उचल घेते. उचल घेतली की ओढ वाढते आणि चीर पुन्हा हवा गिळू लागते. हा झोका तसाच चालू राहतो. आणि स्लोचा स्क्रू वाढवून ठेवला असेल तर कार्बोरेटरची हवा अधिक चिरेची हवा मिळून काटा 3000 पर्यंत जातो आणि खाली यायला तयार होत नाही. बाजारपेठेत माझ्या बाबतीत हेच झाले होते. ज्या मुलाने स्क्रू फिरवला त्याने त्याच्या समजुतीने मदतच केली होती, पण खोट झाकली गेली.

मामूंनी पहिली परीक्षा चोकने घेतली. गाडी पाच-सात मिनिटे चालवून गरम करून आणली. मग स्लोवर ठेवून चोक अगदी थोडा, पाव हिस्सा ओढला. झोके थांबले. चोक म्हणजे जास्त पेट्रोलची तजवीज. गरम इंजिनाला ती नको असते, उलट ते गुदमरायला हवे. ते सुधारले याचा अर्थ मिश्रण पातळ आहे. “पण इथे थांबू नकोस,” मामू म्हणाले. “स्लोच्या जेटमध्ये कचरा असला तरी असेच होते. चोकने एवढेच कळले की पेट्रोल कमी पडतेय किंवा हवा जास्त होतेय. दोघांपैकी कोण, ते अजून कळले नाही.”

ते वेगळे करायचे तर चोर जागेवर पकडावा लागतो. मी आत जाऊन साबणाचे पाणी घेऊन आलो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघतो, तसे बघू म्हटले. मामू हसले. पंक्चरमध्ये हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे येतात. इथे इंजिन हवा आत ओढते. बुडबुडा येणारच नाही, फेस उलट आत जाईल. त्यामुळे नजर चिरेकडे न ठेवता कान इंजिनाकडे आणि डोळा काट्यावर ठेवायचा. हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला, आणि मी सातवीला हवेचा दाब शिकवतो.

गॅरेजात या कामाला कार्बोरेटर क्लिनरचा स्प्रे मारतात. स्प्रे चिरेतून आत गेला की तो पेट्रोलसारखा जळतो आणि रेस एकदम बदलते. खूण पक्की मिळते. पण तो स्प्रे पेट घेतो, आणि हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर आहे, प्लगची वायर आहे. घरी, अंगणात, मुले भोवती असताना हे करू नये. पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून फिरवणारेही मी पाहिले आहेत, ते तर कुठेच करू नये. कपड्यांना इस्त्री करताना पाणी शिंपडायची जी फवाऱ्याची बाटली घरात असते, ती साध्या पाण्याने भरून घ्या. खूण स्प्रेइतकी जोरकस मिळत नाही, पण मिळते. पाण्याचा थेंब चिरेत ओढला जातो आणि क्षणभर ती बुजवतो. तेवढ्यात रेस पडते किंवा एकदम सुरळीत होते. फवारा अगदी बारीक ठेवायचा. तापलेल्या इंजिनावर पाण्याची धार मारायची नाही आणि प्लगच्या टोपीपासून दूर राहायचे.

मुलाने टॉर्च धरला, मी काट्याकडे बघत बसलो, मामू फवारत गेले. एका वेळी एकच जागा, मग पाच-सहा सेकंद थांबायचे. प्रथम क्लॅम्पच्या कडेला, चारी बाजूंनी. काटा झोके घेतच राहिला, फरक नाही. मग रबर आणि हेडच्या जोडावर, वरच्या बाजूने. फरक नाही. मग मॅनिफोल्डच्या कुशीत एक छोटी नळी निघते, तिच्यावर. काही गाड्यांमध्ये अशी बारीक व्हॅक्यूमची नळी असते, तर काहींमध्ये त्या जागी नुसती रबरी टोपी बसवलेली असते. ही टोपी किंवा नळीचे टोक वाळून फुटले तरी हुबेहूब हाच त्रास होतो, आणि ती बोटाच्या पेराएवढी वस्तू कुणी बघत नाही. आमच्याकडे तीही ठीक निघाली.

शेवटी त्यांनी बाटली खालून नेली आणि रबराच्या पोटाखाली, जिथे नळी संपून चपटी पट्टी सुरू होते त्या कोपऱ्यात, दोनदा फवारले. काटा 2000 वरून सरळ 1300 वर उतरला आणि चार सेकंद तिथे स्थिर राहिला. मग पुन्हा वर. मी ओरडलोच. मामू म्हणाले, “एकदा झाले तर तो योगायोग असेल. तीनदा कर.” तीनदा केले, तीनदा तेच. वरच्या बाजूला परत फवारले, काही नाही. आता शंका उरली नाही. स्लोच्या जेटमध्ये कचरा असता तर बाहेरून कुठेही पाणी मारले तरी काट्याने दाद दिली नसती.

एक सोपी परीक्षा त्यांनी नंतर दाखवली, जी खरे तर आधीही करता येते. गाडी स्लोवर असताना कार्बोरेटर हाताने पकडून हळूच वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबायचा. चीर उघडते-मिटते आणि रेस त्याप्रमाणे बदलते. कार्बोरेटर वर उचलला की आमच्या गाडीची रेस भडकत होती, कारण खालची चीर उघडत होती. चटका बसू नये म्हणून हातात जाड कापड घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, रबर काढले. पेट्रोलची चावी बंद केली. कार्बोरेटरच्या पुढचा आणि मागचा, दोन्ही क्लॅम्प सैल केले आणि कार्बोरेटर मागे फिल्टरच्या रबरात ढकलून पुढून मोकळा केला. मग हेडवरचे दोन बोल्ट काढले. रबर हातात आले. वरून पाहिले तर अगदी चांगले दिसत होते, काळे, चकचकीत. ते दुमडले तेव्हा पोटाखाली नखाएवढी चीर उघडली, आणि आतल्या अंगाने ती आरपार गेलेली होती. मी टॉर्च घेऊन महिनाभर पाहिले असते तरी गाडीवर बसवलेले असताना ती दिसली नसती. रबर अशा कोपऱ्यातच फुटते, कारण कार्बोरेटरचे वजन आणि इंजिनाची थरथर दोन्ही तिथेच एकत्र येतात, आणि उष्णतेने रबर वर्षागणिक कडक होत जाते.

रबर काढल्या काढल्या हेडच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा बसवावा. एखादा वॉशर आत पडला तर हजारांचे काम होते. बोळा नंतर काढायची आठवण राहावी म्हणून मामूंनी त्याचे एक टोक लांब, लाल रंगाचे ठेवले होते.

नवे रबर प्लगपेक्षा थोडे महाग पडले. दुकानदाराकडे जुने नेऊन दोन्ही शेजारी ठेवून घ्या. भोकांचे अंतर, नळीचा वाकडेपणा, छोट्या नळीची जागा जुळली पाहिजे. हेडचा पृष्ठभाग कापडाने पुसून घेतला, चिकटलेल्या जुन्या पॅकिंगचा तुकडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. पट्टीच्या खाचेत एक गोल रबरी रिंग असते, ओ-रिंग. ती चपटी झालेली असली तर तीही नवीच टाकावी. बोल्ट एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे करू नये. थोडा हा, थोडा तो, असे करत दोन्ही सारखे बसवावेत, नाहीतर पट्टी एका बाजूला उचलली जाते आणि नव्या रबरातूनही हवा शिरते. हे 6 मिलीमीटरचे बोल्ट असतात, त्यांना 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर पुरतो. म्हणजे छोटा पाना, मनगटाची ताकद, खांद्याची नाही. हेड ॲल्युमिनियमचे आहे, आटे गेले तर रडायची वेळ येते.

क्लॅम्पबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण पुष्कळ गाड्यांमध्ये रबर चांगले असते आणि दोष क्लॅम्पचा निघतो. क्लॅम्पचे दोन कान असतात, त्यांतून स्क्रू जातो. जुना, ताणला गेलेला क्लॅम्प आवळत गेले की एक वेळ अशी येते की दोन्ही कान एकमेकांना टेकतात. स्क्रू घट्ट लागतो, हाताला वाटते की काम झाले. पण आता तो फक्त कानाला कान दाबतोय, रबराला पकड वाढतच नाही. कार्बोरेटर हलवून पाहिला तर फिरतो. कानांमध्ये फट उरलेली दिसली पाहिजे. दुसरी चूक म्हणजे कार्बोरेटरचे तोंड पूर्ण आत न जाणे. त्याच्यावर एक कड असते, ती रबराच्या आतल्या खाचेत बसली पाहिजे. थंड दिवसांत नवे रबर कडक असते, तोंड अर्धवट जाते आणि वरून क्लॅम्प आवळला तर तो तिरका बसतो. रबर दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवून पुसून घेतले की ते मऊ पडते. तेल किंवा ग्रीस लावून सरकवू नये, थरथरीने कार्बोरेटर पुन्हा बाहेर येतो.

जोडणी झाल्यावर गाडी चालू केली आणि रेस एकदम 2000 वर गेली. माझा चेहरा पडला. पण या वेळी काटा झोके घेत नव्हता, ठाम उभा होता. हे त्या वाढवलेल्या स्क्रूचे काम होते. चीर बुजली, आता स्क्रूची जास्तीची हवा उघडी पडली. गाडी चांगली गरम करून स्क्रू हळूहळू बाहेर काढला, काटा 1400 वर आणला. दोनदा जोरात रेस देऊन सोडली. काटा लगेच खाली आला, अडकला नाही. हीच शेवटची परीक्षा. सायलेन्सरचे फट् फट् उतारावरही थांबले.

काही जण विचारतील, चिरेवर काही लावून चालणार नाही का? बाजारातले साधे सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने फुगते आणि सुटते. झटपट चिकटणारा गोंद वाळून कडक होतो, आणि रबर हलले की तडकतो. वाटेत अडकलात तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा, घरी पोहोचाल. ती दुसऱ्या दिवशी काढून नवे रबर टाकायचेच. पातळ मिश्रणावर गाडी महिनोन् महिने चालवली तर इंजिन जास्त तापते. माझा जुना प्लग काढला होता तेव्हा तो पांढराफटक दिसत होता. ती खूण तेव्हाच वाचता आली असती.

कार्बोरेटर आणि एअर फिल्टरच्या मधलेही एक रबर असते. त्याला चीर पडली तर असे झोके येत नाहीत, कारण ती हवाही गळ्यातूनच जाते आणि आपले पेट्रोल घेऊनच जाते. तिथला तोटा वेगळा आहे, गाळली न गेलेली धूळ इंजिनात जाते. त्यामुळे तेही रबर तपासा, पण या त्रासाचे खापर त्याच्यावर फोडू नका.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आल्यावर नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. तिथे रबर फुटले तर खूण थोडी बदलते. मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत जास्तीची हवाही मोजली जाते आणि तिच्या वाटचे पेट्रोलही सोडले जाते. त्यामुळे गाडी बंद न पडता स्लोची रेस चढलेली राहते. पाण्याच्या बाटलीची परीक्षा तिथेही चालते, पण स्लोचा स्क्रू शोधू नका, तो बहुतेक गाड्यांत नसतोच.

मामू गेल्या जुम्म्याला परत गेले. जाताना जुने रबर मुलाने मागून घेतले. ते त्याच्या टेबलावर आहे, आणि घरी कोणी आले की तो ते दुमडून चीर दाखवतो.